लेहला छातीत पाणी येतं ते पिलेलं नसते भाऊ

"लेह-लडाखला जाणाऱ्यांनी लक्ष द्या. तिथल्या हवेत फक्त 10 टक्के ऑक्सिजन असतो. जास्त पाणी पिलं की तेच थंडीनं छातीत साचतं, म्हणून पाणी कमी प्या. खिशात कापूर ठेवा, हुंगत राहा. रोज जिम करणाऱ्याला काहीच होत नाही."

मे महिन्यात इथे पारा 45 ला टेकला की अर्धं नागपूर लेहची तिकिटं काढते आणि हा मेसेज पुन्हा फिरायला लागते.

आधी टक्क्यांचं. ऑक्सिजन नागपुरातही 21 टक्के आणि लेहलाही 21 टक्केच, कमी होते ते हवेचं प्रेशर. नागपूर 300 मीटरवर, लेह 3500 वर, तिथे हवेचं प्रेशर इथल्या साधारण दोन तृतीयांश, म्हणजे तेवढ्याच श्वासात ऑक्सिजन तेवढा कमी.

आता पाण्याचं, कारण खरा घोळ इथेच आहे. पिलेलं पाणी फुफ्फुसात जायला रस्ताच नाही, तिथे येतं ते रक्तातून झिरपलेलं पाणी. होते असं की फुफ्फुसाच्या एखाद्या भागात ऑक्सिजन कमी पडला तर तिथली बारीक रक्तवाहिनी स्वतःहून आवळते, म्हणजे रक्त चांगल्या भागाकडे वळावं. न्यूमोनियात ही सोय कामाची आहे, पण लेहला ऑक्सिजन सगळीकडेच कमी, मग सगळ्याच आवळतात आणि त्याही सारख्या नाही, काही जास्त काही कमी. बर्डीत चार गल्ल्या बंद केल्या की सगळी गर्दी उरलेल्या गल्लीत घुसते नं, तसंच रक्त कमी आवळलेल्या भागात जोरात घुसते. फुफ्फुसाच्या धमनीतलं सरासरी प्रेशर एरवी 15 च्या आसपास असते, या आजारात ते 35 ते 55 पर्यंत जाते. (हे दंडावर मोजतात ते बीपी नाही, ते नॉर्मल असू शकते.) आणि तिथल्या केशवाहिनीची भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ, कारण तिच्यातून ऑक्सिजन जायला पाहिजे. ती ताणली जाते, बारीक भेगा पडतात, आधी पाणी आणि प्रोटीन झिरपते, मग लाल पेशीसुद्धा. म्हणूनच शेवटी गुलाबी फेस येतो. याला म्हणतात हाय अल्टिट्यूड पल्मनरी एडिमा, डॉक्टर लोक नुसतं हेप म्हणतात. हार्टचा डावा भाग यात ठणठणीत असते, म्हणून याला हार्ट फेल समजून लघवीच्या गोळ्या देऊ नये, पेशंटचं पाणी आधीच कमी झालेलं असू शकते.

थंडीचं मात्र अर्धं खरं आहे. थंडीनं हेच प्रेशर अजून वाढते. पाणी गोठून साचते वगैरे काही नाही.

कापरानं नाकात गार वाटते, नाक मोकळं झाल्यासारखं वाटते, बस. रक्तातला ऑक्सिजन त्यानं वाढत नाही, उलट बरं वाटून राहिलं म्हणून माणूस दवाखान्यात उशिरा जाते, हा खरा धोका. आणि कापूर खायचा तर अजिबात नाही, फिट येतात.

जिमवाल्यांची तर मला जास्त काळजी वाटते. ज्याच्या रक्तवाहिन्या जास्त आवळतात त्याला हेप होते, दंड पाहून ते कळत नाही, आणि फिट माणूस पहिल्याच दिवशी धावपळ करते, त्यानं प्रेशर अजून चढते. समजा धरमपेठेतला एक तिशीतला पोरगा सकाळी दिल्लीहून विमानानं लेहला उतरला, दुसऱ्या दिवशी 5300 मीटरच्या वरच्या खारदुंगला खिंडीत जाऊन आला. त्या रात्री कोरडा खोकला, आडवं झालं की दम लागते, सकाळी बाथरूमपर्यंत जाऊन धापा टाकते, थोडा ताप. मित्र म्हणतात सर्दी आहे, अँटिबायोटिक घे. डोकं दुखून नाही राहिलं म्हणजे ठीकच आहे असंही वाटते, पण डोकेदुखी-मळमळवाला नेहमीचा माउंटन सिकनेस न होता सुद्धा हेप होते. बोटाला ऑक्सिमीटर लावा, बाकी मित्र 85 दाखवतात आणि हा 65, तर मग वाट पाहायची नाही. बसल्या जागी दम लागणं ही मोठी खूण आहे, आकडा काही का असेना.

इलाज म्हणजे खाली उतरणं किंवा ऑक्सिजन. पण लेहहून गाडीनं "खाली" जायचं म्हटलं तर कारगिलच्या रस्त्यावर आधी 4100 मीटरचा फोटुला चढावा लागते, मनालीकडे तर त्याहून उंच खिंडी, त्यामुळे आधी लेहच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावायचा. तो लागला की आवळलेल्या वाहिन्या सैल पडतात आणि फुफ्फुसातलं प्रेशर लगेच उतरायला लागते. ऑक्सिजन किंवा उतरायची सोय नसेल तर डॉक्टर निफेडिपिन देतात, ती सुद्धा त्याच वाहिन्या सैल करते. उतरायचंच तर विमानानं, ऑक्सिजन लावून, डॉक्टर हो म्हणतील तेव्हा. आणि एकदा ज्याला हेप झाला त्यानं पुढच्या खेपेला विमानानं थेट लेह गाठायच्या आधी डॉक्टरला विचारायचं, कारण तसंच घाईत वर गेलं तर तो पुन्हा व्हायचा चान्स बराच आहे.