गॅप तीन सेकंदांची नसते, प्रश्नाएवढी असते

"मुलांच्या व्हिडिओत प्रश्न विचारून गप्प बसणं म्हणजे वेळ वाया. मुलं स्क्रीनशी बोलत नाहीत, नुसती बघत बसतात. ठेवायचीच असेल तर सरसकट तीन सेकंदांची गॅप ठेवा, 'शाब्बास, बरोबर!' म्हणा आणि पुढे चला."

मुलांचे व्हिडिओ करताना हा सल्ला ऐकू येतो. मुलं बोलत नाहीत यात पहिल्या वेळेपुरतं तथ्य आहे. अमेरिकेत १९९६ मध्ये निकलोडियनवर 'ब्लूज क्लूज' सुरू झालं, त्यातला निवेदक प्रश्न विचारून कॅमेऱ्याकडे बघत थांबायचा, आणि मुद्दाम एकच भाग सलग पाच दिवस दाखवायचे. तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर त्याचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की पहिल्यांदा मुलं टक लावून बघतात, आणि तोच भाग पुन्हा पुन्हा बघितला की उत्तरं द्यायला लागतात. म्हणजे भाच्याला एकदा व्हिडिओ दाखवला, तो गप्प राहिला, आणि आपण गॅप उडवून टाकली, तर परीक्षा चुकीच्या दिवशी घेतली एवढंच. घरात मुलं एकच व्हिडिओ किती वेळा लावतात ते वेगळं सांगायला नको.

कधीकधी मात्र मुलं गप्प बसतात कारण प्रश्नच तसा लिहिलेला असतो. आपल्याकडे लाडाने विचारायची सवय आहे, "आंबे मोजाल का?" पोर म्हणतं "हो!" आणि संपलं, कारण प्रश्नाला 'हो' हेच उत्तर आहे. किंवा मग "किती आंबे आहेत, सांगा बरं, नीट बघा हं, घाई नको" असं लिहितात, म्हणजे पोर 'किती' ऐकून मोजायला लागलंय आणि व्हिडिओतली ताई अजून बोलतेच आहे. 'किती', 'कुठे', 'कोण' हे शब्द वाक्याच्या शेवटाकडे आणायचे आणि प्रश्न झाला की खरंच तोंड बंद.

आता तीन सेकंद. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांमध्ये मोजलं होतं, शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन किंवा जास्त थांबले की मुलांची उत्तरं लांब आणि विचार केलेली येतात. पण वर्गात बाईंना मुलाचा चेहरा दिसतो, ओठ हलताना दिसले तर त्या आणखी थांबतात. व्हिडिओला काही दिसत नाही, म्हणून हा अंदाज लिहिणाऱ्याने आधीच करायचा असतो. "हा प्राणी कोण?" याला तीन सेकंद पुरतात. पाच आंबे मोजायला नाही पुरत, कारण साडेचार वर्षांचं पोर स्क्रीनवर बोट ठेवून मोजतं, एक आंबा दोनदा मोजतं, परत सुरुवात करतं. माझ्या भाचीला घड्याळ लावून बघितलं तर आठ सेकंद लागले, म्हणून मी असं लिहिलं:

ताई: टोपलीत आंबे किती?
(गॅप ८ सेकंद. ताई कानामागे हात धरून, कॅमेऱ्याकडे बघत. आंबे पूर्ण वेळ स्क्रीनवर. संगीत बंद.)
ताई: मी पण मोजते. एक, दोन, तीन, चार... आणि हा पानाआडचा, पाच!

कंसातली ओळ संवादाइतकीच महत्त्वाची. मोजायची वस्तू स्क्रीनवरून गेली तर पोर मोजणार काय? आणि ताई नुसती पुतळ्यासारखी उभी राहिली तर व्हिडिओ अडकलाय असं वाटतं, मुलं स्क्रीनवर टकटक करायला लागतात. मान कलती करणं, एखादी पापणी लवणं, एवढं पुरतं.

राहिलं 'शाब्बास, बरोबर!'. हे मला सगळ्यात खटकतं. पोर 'चार' म्हणालं, ताई म्हणाली बरोबर, मग स्क्रीनवर ५ आला. आता पोराने काय समजायचं? ऐकू येत नसताना शाबासकी द्यायची म्हणजे खोटंच की. त्यापेक्षा ताईने स्वतः मोठ्याने मोजावं, ज्याचं बरोबर आलं तो खूश, ज्याचं चुकलं त्याला कुठे चुकलं ते दिसतं. आणि चूक कुठली होणार हे बहुतेक वेळा आधी माहीत असतं, वरच्या टोपलीत एक आंबा मी मुद्दाम पानाआड अर्धा लपवलाय, म्हणून ताईच्या तोंडी 'पानाआडचा' आला.

हां, गॅप ठेवली म्हणजे व्हिडिओ पोराशी बोलायला लागला असं नाही, समोरचं माणूस उत्तर ऐकून जे करतं ते त्याला जमणार नाही. आई शेजारी असेल तर ती गॅप तिच्यासुद्धा कामाची, "बोट ठेवून मोज" म्हणायला तिला वेळ मिळतो.

रिटेन्शनच्या, म्हणजे बघणारा मध्येच निघून जाऊ नये याच्या नावाने गॅप कापायची खोड मात्र जात नाही. आमच्या एका धड्यात एडिटिंगला सायलेन्स आपोआप काढायचं सेटिंग चालू राहिलं, आणि ताई "आंबे किती?" विचारून श्वासही न घेता स्वतःच मोजत सुटली. तेव्हापासून कंसात आणखी तीन शब्द असतात, 'गॅप कापू नये'.