डाळिंबाच्या आठ नमुन्यांबाबत आमचे उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (२ तारे): "पाच आठवडे सांगून नऊ आठवडे लावले. सिक्वेन्सिंग मशीनचे काम दोन दिवसांचे असते, हे आम्हालाही कळते. एवढे पैसे घेऊन फक्त ४१ जनुके काढून दिली. त्याच डेटावर ओळखीच्या एकाने एका संध्याकाळी २३०० काढून दाखवली. फोनवर नीट उत्तर मिळत नाही."

नमस्कार सर. फोनवर आमच्या माणसाने तुमच्याशी तुटक बोलायला नको होते, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. अहवाल नुसता मेलने पाठवला, समोर बसून समजावला नाही, ही चूकही आमचीच. पण हे दोन तारे वाचून उद्या कोणी नमुने पाठवायचे थांबेल. चार माणसांच्या लॅबला ते परवडत नाही, म्हणून बाकीचे सविस्तर लिहितो.

तुमचे काम होते चार निरोगी आणि चार रोगट नमुन्यांतून तेल्या रोगात डाळिंबाच्या कोणत्या जनुकांचे काम बदलते ते शोधण्याचे. आधी उशिराबद्दल. मशीनचे काम दोन दिवसांचे असते, हे खरे आहे. पण मशीनवर काय चढवायचे ते त्याआधी ठरते. तुमच्या पहिल्या आठ नळ्या आल्या त्याच दिवशी आम्ही आरएनएचा दर्जा तपासला. नुसते पाणी फवारलेल्या निरोगी रोपांच्या चारही नळ्यांचा आरआयएन ७ च्या वर होता. तेल्याचे डाग उमटलेल्या पानांच्या दोन नळ्यांचा मात्र ४.१ आणि ४.६ आला. हा आकडा १० पैकी असतो आणि आरएनए किती अखंड आहे ते सांगतो. पानांच्या आरएनएमध्ये हरितलवकांच्या रायबोसोमचे जास्तीचे पट्टे येतात, त्यामुळे आकडा थोडा कमी दिसतो. तेवढी सूट आम्ही नेहमीच देतो. चारची सूट देता येत नाही.

पाने खुडून साध्या बर्फात ठेवली आणि पाच तासांनी तुमच्या लॅबमध्ये पोचली, असे तुमच्याच फॉर्मवर लिहिले होते. बर्फात आरएनए तोडणारी विकरे मंदावतात, थांबत नाहीत. ती थांबवायची तर पान खुडल्याबरोबर द्रव नायट्रोजनमध्ये टाकावे लागते. त्यात रोगट पानातल्या पेशी आधीच मरत असतात, म्हणून तिथला आरएनए निरोगी पानापेक्षा लवकर तुटतो.

हे पुढे का नडते ते सांगतो. एकूण आरएनएत बहुतेक भाग रायबोसोमचा असतो, आपल्याला हवा असतो तो संदेशवाहक आरएनए. तो आपण शेपटाला धरून वेचतो. त्याच्या टोकाला असलेली 'ए'ची माळ चुंबकी मण्यांवरच्या 'टी'च्या माळेला चिकटते आणि बाकीचे धुऊन जाते. रेणू मध्येच तुटला असेल तर मण्याला फक्त शेपटाकडचा तुकडा लागतो, पुढचा भाग वाहून जातो. म्हणजे रोगट नमुन्यांत लांब जनुकांच्या नोंदी कमी भरल्या असत्या, आणि त्या रोगामुळे घटल्या असे आपण समजलो असतो. तुटण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखे असते तर निदान धोका कमी होता. इथे ते नेमके रोगाच्याच बाजूला होते.

म्हणून आम्ही काम थांबवले आणि तुम्हाला मेल केला. नव्या नळ्या २४ दिवसांनी आल्या. तुम्ही आठही नमुने नव्याने काढलेत, कष्ट घेतलेत, याची जाणीव आहे. या वेळी सगळ्यांचा आरआयएन ७ च्या वर होता. पण ते २४ दिवस आमच्या खात्यावर लिहिलेले पाहून फार वाईट वाटले. आहे तसे चढवले असते तर पाच आठवड्यांत अहवाल दिला असता आणि पैसेही तेवढेच मिळाले असते.

आता ४१ आणि २३००. मशीन आरएनएचे जे छोटे तुकडे वाचते त्यांना रीड म्हणतात, आणि प्रत्येक नमुन्याच्या साधारण २.२ कोटी रीड-जोड्या आल्या. त्या डाळिंबाच्या जीनोमवर बसवून कोणत्या जनुकावर किती पडल्या ते मोजले. रीड कमी-जास्त असण्याचा फरक समायोजित केला, की तक्त्यात आडव्या ओळीत एक जनुक आणि आठ रकान्यांत आठ नमुने. इथवर तुमचे परिचित आणि आम्ही एकच आहोत. पुढे फरक पडला तो तुमच्या फॉर्मवरच्या एका रकान्यामुळे, आरएनए काढल्याची तारीख. सोमवारी तीन निरोगी आणि एक रोगट, गुरुवारी एक निरोगी आणि तीन रोगट. कोणते नमुने एकमेकांसारखे आहेत ते दाखवणाऱ्या पीसीएच्या आलेखात नमुने रोगाप्रमाणे नव्हे, वाराप्रमाणे वेगळे झाले होते.

तुमच्याच तक्त्यातली एक ओळ घ्या. सोमवारचे निरोगी ४१०, ३९०, ४३० आणि रोगट ४२०. गुरुवारचा निरोगी ८८० आणि रोगट ९००, ८६०, ९१०. वार झाकून सरासरी काढली तर निरोगी ५२८, रोगट ७७३, म्हणजे रोगात जवळपास दीडपट वाढ. वार उघडा ठेवला तर सोमवारी काही फरक नाही, गुरुवारीही नाही. हे जनुक तुमच्या परिचितांच्या २३०० मध्ये आहे, मी स्वतः पाहिले. आम्ही वाराचा वाटा वेगळा काढला, एवढेच:

```r
dds <- DESeqDataSetFromMatrix(counts, coldata,
                              design = ~ vaar + rog)
dds <- DESeq(dds)
res <- results(dds, alpha = 0.05)
```

त्यांच्या सूत्रात `vaar` नाही. शिवाय रोगाचा परिणाम नसतानाही एवढा फरक दिसण्याची शक्यता सांगणारा `pvalue` चा रकाना त्यांनी ०.०५ वर कापला, आम्ही `padj` चा. आपण साधारण २४,००० जनुके तपासली. रोगाने एकाही जनुकात काही बदलले नसते, तरी ०.०५ च्या चाळणीतून निव्वळ योगायोगाने १२०० च्या आसपास खाली पडली असती. `padj` त्या योगायोगाचा हिशेब धरून येतो.

हेही सांगतो, की रोगाने फक्त ४१ च जनुके बदलली असे आमचे म्हणणे नाही. बदललेली याहून जास्त असतील. पण सोमवारी रोगट एकच आणि गुरुवारी निरोगी एकच, त्यामुळे लहान फरक पकडण्याची ताकद उरली नाही. सगळे निरोगी सोमवारी आणि सगळे रोगट गुरुवारी काढले असते, तर कोणत्याही सूत्राने वार आणि रोग वेगळे करता आले नसते. दोन्ही दिवशी दोन-दोन असते, तर यादी बहुधा मोठी आली असती. हे नळ्या आल्या त्याच दिवशी फोन करून सांगायला हवे होते. आम्ही ते अहवालात एका ओळीत लिहिले, आणि ती ओळ कोणाच्याही नजरेतून सुटेल. यापुढे फॉर्मवरच्या तारखा आधी पाहू आणि फोन करू, तशी सोय करत आहोत.

तुमचा उरलेला आरएनए उणे ८० अंशांवर तुमच्या नावाच्या डब्यात जपून ठेवला आहे. पुढच्या खेपेला पाने खुडण्याआधी एकदा या, कोणता नमुना कोणत्या दिवशी काढायचा याचा तक्ता बसून ठरवू. त्याचे पैसे घेणार नाही.

— लॅबचालक, पुणे