आहे तसा फोटो

“घालायला एक धड कपडा नाही,” असं मी फोनवर लेकीला सांगत होते, तेव्हा माझा दुसरा हात कपाटाच्या दाराला टेकलेला होता. हात काढला असता तर आतले कपडे अंगावर आले असते.

लेक शिकायला बाहेरगावी असते. तिने हल्ली ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ नावाचं काहीतरी मनावर घेतलंय. म्हणजे मोजकेच कपडे ठेवायचे, पण असे की त्यातला कुठलाही कुठल्याहीबरोबर जमला पाहिजे. १९८५ साली डोना करन या डिझायनरने सात सुटसुटीत कपड्यांच्या कल्पनेवर आपला पहिला स्वतंत्र संग्रह काढला होता, हे तिने मला तीनदा ऐकवलंय. सात! माझ्या कपाटात सात तर नुसते जोडी हरवलेले मोजे निघतील.

“आई, कपाटाचा फोटो पाठव. मी इथून प्लॅन करून देते. पण आवरू नकोस हं, आहे तसा काढ.”

“आहे तसा कशाला?”

“डॉक्टरकडे जाताना आधी बरी होऊन जातेस का?”

मी फोन ठेवला आणि पाऊण तास कपाट आवरलं. पसरलेलं कपाट कुणाला दाखवायचं म्हणजे काय! मग तो कुणी पोटचा गोळा का असेना. फोटो पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, “छान. आता आवरायच्या आधीचा पाठव.” सगळ्या घड्यांच्या कडा एका रेषेत दिसल्यावर तिला आणखी पुरावा नको होता. मग मी सगळं बाहेर ओढलं आणि पुन्हा कोंबलं. खोटा पसारा मांडणं हे आवरण्यापेक्षा अवघड काम आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मुद्दाम केलेला पसारासुद्धा माझ्या हातून जरा नीटनेटकाच होत होता.

दुसरा फोटो रात्री काढला, दिव्याच्या पिवळ्या उजेडात. लेकीने मोजून सांगितलं, “काळ्या पँटी तीन आहेत. दोन काढून टाक.” मला राग आला. त्यातली एक काळी, एक गडद निळी आणि एक तपकिरी आहे. पण फोटोत खरोखरच तिन्ही सख्ख्या बहिणी दिसत होत्या. पिवळ्या दिव्याच्या उजेडात निळा अंश फार कमी असतो, त्यामुळे गडद निळं कापड काळंच दिसतं, आणि फोन आपल्या अकलेने रंग सुधारायला जाऊन आणखी घोळ घालतो. तिने उपाय सांगितला, “सकाळी दिवा बंद कर, खिडकी उघड आणि कपड्यांशेजारी एक कोरा पांढरा कागद चिकटव. कागद फोटोत पांढरा दिसला, तर बाकीचे रंगही खरे समजायचे.” कागद पांढरा दिसला. त्याच्याशेजारचा, माझ्या मते पांढरा असलेला शर्ट मात्र कसाबसा मळकट पिवळ्यात बसला. त्या कागदावर माझा अजून राग आहे.

पुढची अडचण अशी की हँगरवरच्या कपड्याचा फोटोत फक्त खांदा दिसतो आणि घडीच्या कपड्याची फक्त कड. शितावरून भाताची परीक्षा होते, पण बाहीवरून शर्टाची होत नाही. फोटोत साधा राखाडी दिसणारा एक टॉप तिने मोठ्या आशेने यादीत घेतला. बाहेर काढला तर पोटावर भलामोठा पोपट! शेवटी सगळे कपडे पलंगावर काढून वरचे वेगळे, खालचे वेगळे पसरले आणि त्यांचे फोटो पाठवले.

मोजणी झाली. वरचे ३१, खालचे ६.

“म्हणजे ३१ गुणिले ६, झाले १८६ जोड,” मी म्हटलं. “सहा महिने रोज वेगळा.”

“मग घालायला का काही नाही?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, तिच्याकडे तक्ता होता. तिने सात वरचे आणि चार खालचे निवडले. सात आडव्या ओळी, चार उभे रकाने, म्हणजे २८ घरं. जोड खरंच घालून बाहेर पडशील तर बरोबरची खूण, नाही तर फुली. वरच्यांत चार साधे होते आणि तीन नक्षीचे. खालच्यांत तीन साधे आणि एक फुलाफुलांचा स्कर्ट. तिन्ही नक्षीच्या टॉपना स्कर्टपाशी फुली मिळाली, कारण ती जोडी अंगावर भांडते. गडद निळ्या टॉपला काळ्या पँटपाशी फुली, कारण घाईत चुकलंय असं वाटतं. त्याच टॉपला निळ्या पँटपाशीही फुली, कारण गणवेश वाटतो. पाच फुल्या गेल्या, उरले २३ जोड. अकरा कपड्यांत तेवीस! मला हे हातचलाखीसारखं वाटलं.

मग तिने खरा वार केला. “आता अजून एक नक्षीचा टॉप घेतलास तर किती खुणा वाढतील? तीन. आणि एक साधी पँट घेतलीस तर? सात. गेली कित्येक वर्षं तू काय घेतेयस?”

टॉप. दुसरं काय घेणार? टॉप नुसता अंगाला लावून बघता येतो. पँट घ्यायची तर त्या अरुंद खोलीत शिरायचं, एका पायावर उड्या मारायच्या, आणि समोरच्या आरशात जी बाई दिसते तिच्याशी तडजोड करायची. माझ्या कपाटातल्या ३१ ला ६ या प्रमाणामागे आवड वगैरे काही नव्हती, त्या आरशाची भीती होती.

मुकाट्याने अकरा कपडे एका बाजूला लावले, बाकीचे खोक्यात भरले. सोमवारी तक्त्यातला पहिला जोड घातला आणि अकरा वाजेपर्यंत आठवलं की हा टॉप मी का घालत नाही. त्याचा गळा टोचतो. मंगळवारी काळी पँट. ती बसल्यावर श्वास घेऊ देत नाही. बुधवारी पांढरा, म्हणजे तो पिवळा, शर्ट. गुरुवारी मी बंड केलं आणि माझी नेहमीची करडी पँट शोधायला लागले.

“कुठली करडी पँट?” लेक म्हणाली. “फोटोत नव्हती.”

नव्हतीच. फोटो काढला त्या दिवशी ती दोरीवर वाळत होती. तिच्याबरोबरचे दोन मऊ शर्ट धुवायच्या टोपलीत होते. आणि बाकीचे रोजचे कपडे पलंगाशेजारच्या खुर्चीवर होते. तीच ती खुर्ची, जिच्यावर गेल्या कित्येक वर्षांत कुणी बसलेलं नाही.

दोन्हीकडे थोडा वेळ शांतता.

“म्हणजे आई, मी आठवडाभर तुझ्या न घालायच्या कपड्यांचा प्लॅन केला?”

“कपाटाचा फोटो तूच मागितलास.”

“बरं. आता ऐक. दोरीचा फोटो काढ, टोपलीचा काढ आणि खुर्चीचा काढ. तोच तुझा खरा कॅप्सूल आहे, तक्ता मी त्याचा करते. खुर्चीचा आधी. आणि आई, आहे तसा.”

“हो गं बाई, कळतं मला,” असं म्हणून मी फोन ठेवला. दोरीचा फोटो काढला, टोपलीचा काढला आणि खुर्चीकडे वळले. खुर्ची स्वच्छ, रिकामी. लेकीशी बोलता बोलता, फोन मानेत धरून, मी तिच्यावरच्या सगळ्या कपड्यांच्या घड्या करून कपाटात ठेवल्या होत्या. कडा एका रेषेत.