पान दिसतं एक, शोधलं जातं दुसरंच

> "स्कॅन केलेल्या पुस्तकाचं ओसीआर करून घ्या. पीडीएफमध्ये शब्द सापडला, ओळ कॉपी झाली, म्हणजे तो खरा मजकूरच झाला. पुन्हा प्रुफं तपासत बसायचे उद्योग कशाला? फाइल जड वाटली तर आतली चित्रं काढून टाका. वर्डमध्ये उघडून सेव्ह केलं की ईबुक तयार."

वरच्या सल्ल्यातल्या चित्रं काढून टाकण्यापासून सुरुवात करतो. तो कुणी खरंच अमलात आणला तर त्याच्या हाती कोऱ्या पानांचं पुस्तक येईल. अशा पीडीएफमध्ये डोळ्यांना दिसतो तो फक्त पानाचा फोटो. ओसीआरने, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, ओळखलेले शब्द त्या फोटोमागे नेमक्या जागी ठेवलेले असतात, पण ते रंगवायचेच नाहीत अशी सूचना फाइलीत असते. पीडीएफच्या भाषेत ती `3 Tr` अशी लिहितात: अक्षर आत भरू नका, त्याची कडाही ओढू नका. टेसरॅक्ट हे मोफत ओसीआर तर यासाठी `GlyphLessFont` नावाचा फॉन्ट वापरतं, आणि त्यात अक्षरांचे आकारच नाहीत. म्हणजे ती सूचना बदलली तरी तिथे मराठी उमटणार नाही. शब्दांचा हा न दिसणारा थर माउसने निवडण्यापुरता आणि शोधण्यापुरताच आहे.

फाइल जड असते ती त्या फोटोमुळेच. ए-५ आकाराचं पान ३०० डीपीआयने स्कॅन केलं की साधारण १७५० बाय २४८० पिक्सेल होतात, म्हणजे जवळपास ४३ लाख ठिपके. त्याच पानावरचा मजकूर दीड हजार अक्षरांचा धरला, तर यूटीएफ-८ मध्ये अक्षराला ३ बाइट या हिशेबाने साडेचार हजार बाइट होतात. जेपेगने फोटो कितीही दाबला तरी हे अंतर भरून निघत नाही. पान खऱ्या मजकुरातून नव्याने उभारलं असेल तर अक्षरं फॉन्टमधल्या आकारांनी काढली जातात. म्हणून फाइल हलकी राहते आणि ८०० टक्के मोठं केलं तरी शिरोरेषा कापल्यासारखी सरळ दिसते. फोटोतली शिरोरेषा तेवढ्यात पायऱ्यापायऱ्यांची होते.

आता शोधण्याबद्दल. शोध लागला याचा अर्थ तो एक शब्द बरोबर ओळखला गेला, एवढाच. जो सापडला नाही तो पुस्तकात नव्हता की ओसीआरने चुकवला, हे शोधाच्या चौकटीत कळत नाही. जुन्या छपाईचं एक पान घ्या. कागद पिवळा, खिळे झिजलेले, आणि १९६२ च्या नियमांआधीचं लेखन, म्हणजे 'घरांत', 'सालीं' असे अनुस्वार जागोजागी. छापील ओळ अशी:

> त्या घरांत इ. स. १८९१ सालीं

तीच ओळ निवडून कॉपी केली की हातात असं काहीतरी येतं:

> त्या धरात इ. स. १८९९ साली

'घ'चा 'ध' होणं, 'भ'चा 'म' होणं, फिकट अनुस्वार धूळ समजून गाळला जाणं, १ आणि ९ ची अदलाबदल, हे देवनागरी ओसीआरचे नेहमीचे घोळ. पडद्यावर मात्र १८९१ च दिसत राहतं, कारण दिसतो तो फोटो. चूक मागच्या थरात दडलेली असते. ती बाहेर पडते कुणीतरी ओळ उचलून लेखात चिकटवतो तेव्हा, आणि तोवर साल आठ वर्षांनी पुढे सरकलेलं असतं. ओळीच्या शेवटी 'महारा-' असा तुटून पुढच्या ओळीत 'ष्ट्र' झालेला शब्दही शोधात सहसा येत नाही.

म्हणूनच प्रुफं. पान नव्याने उभारलं की मागचा थर पुढे येतो आणि फोटो जातो. मग न तपासलेला 'धरात' पुस्तकातच छापल्यासारखा दिसतो, आणि ताडून बघायला मूळ पान फाइलीत उरत नाही. माझ्या मते खरा धोका इथे जास्त आहे. फोटोमागच्या थरात चुका असल्या तरी पुरावा डोळ्यांसमोर असतो. घाईने 'खरा मजकूर' केलेल्या पुस्तकात तोही नसतो. मराठी विकिस्रोतावर यावर सरळ तोडगा आहे. एका बाजूला पानाचा स्कॅन, दुसऱ्या बाजूला मजकूर. एकाने तपासलं की पान पिवळं होतं, दुसऱ्याने पुन्हा तपासलं की हिरवं. काम संथ चालतं, पण १८९१ चं १८९१ राहतं.

जुने दस्त, नोंदवह्या, शिक्के आणि सह्या असलेले कागद यांना मी तर नव्याने उभारायच्या भानगडीत पडणारच नाही. तिथे फोटो हाच ऐवज आहे, मागचा थर फक्त पान सापडावं म्हणून. पण तो थर विसरू नका. स्कॅनवर काळी पट्टी ओढून नाव झाकलं तरी त्याखालचं नाव थरात तसंच असू शकतं आणि पट्टी ओलांडून कॉपी होतं.

वर्डमधून ईबुक करायचा बेत फसतो तो वेगळ्या कारणाने. त्या थरात शब्द असतात आणि प्रत्येकाची पानावरची जागा असते. परिच्छेद कुठे संपला, मथळा कोणता, तळटीप कोणती, हे बहुधा कुठेच नोंदलेलं नसतं. त्यामुळे अर्धं वाक्य, मग पृष्ठ क्रमांक, मग पुस्तकाचं नाव, मग उरलेलं वाक्य, असा माल बाहेर पडतो. अंध वाचकाला स्क्रीन रीडरवर हेच ऐकावं लागतं. दोन स्तंभांचं पान असेल तर डावी ओळ उजव्या ओळीला जोडली जाण्याचीही भीती. नव्याने उभारताना मथळे, परिच्छेद, टिपा यांना खुणा द्याव्या लागतात. वेळ खातं ते काम हेच.

हातातली फाइल कोणत्या जातीची आहे हे पॉपलर या मोफत संचातल्या तीन आज्ञांनी कळतं:

```
pdffonts pustak.pdf
pdfimages -list pustak.pdf
pdftotext -f 12 -l 12 pustak.pdf -
```

पहिलीत `GlyphLessFont` दिसला आणि दुसरीत प्रत्येक पानाला एक पानभर चित्र, तर तो फोटो आणि मागचा थर. तिसरी १२ व्या पानाचा लपलेला मजकूर उघडा करते. तो छापील पानाशेजारी ठेवून दहा ओळी वाचल्या की ओसीआर किती विश्वासाचं आहे ते समजतं.

चित्र एकही नाही, फॉन्टची यादी भरलेली, म्हणून निर्धास्त होऊ नका, निदान मराठीत तरी. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत डीटीपी झालेल्या पुस्तकात अक्षरं खरी असतात, पण त्यांचे क्रमांक रोमन अक्षरांचे; कॉपी केलं की अगम्य रोमन खिचडी मिळते. युनिकोड फॉन्टातही 'किंमत' कधीकधी 'िकंमत' होऊन बाहेर येते, कारण वेलांटी कागदावर आधी काढली जाते आणि फाइलीत तोच क्रम राहतो. अशा वेळी आधी मूळ डीटीपीची फाइल मिळते का ते पाहावं, म्हणजे फॉन्ट कन्व्हर्टरने ती युनिकोडमध्ये आणता येते. ती नसेल तर `ocrmypdf -l mar --force-ocr pustak.pdf nave.pdf` ही आज्ञा देऊन पानांचे फोटो करून घ्यावेत आणि त्यामागे नवा थर बसवावा. फाइल जड होते, अक्षरांची धार जाते, पण निदान शोधता येतं.