वेंडर नोंदणीसाठी इच्छुकांना काही हिताच्या सूचना

भोसरी एमआयडीसीतल्या गाळ्यात आपले दोन व्हीएमसी आणि एक सीएनसी लेथ असतील आणि चाकणच्या एखाद्या मोठ्या कंपनीकडे वेंडर म्हणून नोंदणी करण्याचा आपला मानस असेल, तर प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कंपनीने दोन पानांचे कॅपॅबिलिटी प्रोफाइल मागितले आहे, परंतु दोन पाने पुरतात ती ज्यांच्याकडे सांगण्यासारखे काही नाही त्यांना. आपण बावीस पाने पाठवावीत. पहिल्या पानावर संस्थापकांचे हार घातलेले छायाचित्र असावे, त्यानंतर आपले ध्येय व दूरदृष्टी, मग गाळ्याच्या वास्तुशांतीची छायाचित्रे, आणि यंत्रांची यादी चौदाव्या पानाच्या सुमारास. खरेदी विभागातील अधिकारी नेमकी तीच यादी शोधत असतो. ती सहजी हाती लागली तर त्याला तिची किंमत राहणार नाही.

यादीत 'व्हीएमसी – २ नग' एवढेच लिहावे. यंत्राची बनावट, खरेदीचे वर्ष, टेबलाचे माप, तिन्ही अक्षांवरची चाल, टेबलाला पेलणारे वजन असले तपशील देणे म्हणजे गुपिते उघड करणे होय. अधिकाऱ्याच्या टेबलावर ७५० मिलिमीटर लांबीच्या हाउसिंगचे ड्रॉइंग पडलेले असेल आणि आपल्या यंत्राची आडवी चाल ६०० असेल, तर ही विसंगती त्याला कागदावरच कळून त्याचा आणि आपला वेळ वाचण्याचा धोका संभवतो. शेजारच्या गाळ्यात सीएमएम हे अचूक मोजमापाचे यंत्र असेल, तर ते 'इन-हाउस' म्हणून आपल्याच यादीत दाखवावे, कारण मधली भिंत सामाईक आहे.

अचूकतेच्या रकान्यात '५ मायक्रॉन' असे ठळक अक्षरांत लिहावे. हा आकडा सर्वत्र चालतो आणि तो कोणत्या मापासाठी, कोणत्या धातूत, किती नगांवर सलग मिळतो, हे विचारणारा माणूस क्वचितच भेटतो. मात्र भेटलाच तर काय होते, तेही सांगून ठेवतो. समजा, ड्रॉइंगवर ४० मिलिमीटर व्यासाचे बोअर आहे आणि त्यावर एच ७ अशी सवलत दिलेली आहे. म्हणजे ते ४०.००० ते ४०.०२५ च्या दरम्यान यायला हवे. एकूण सवलत २५ मायक्रॉनची. जे साधन हे माप मोजणार, त्याचा लीस्ट काउंट सवलतीच्या साधारण दहाव्या भागाइतका असावा, असा कारखान्यांतला जुना संकेत आहे. म्हणजे येथे एक-दोन मायक्रॉन वाचणारे बोअर गेज हवे. आपल्या कपाटात ०.०१ मिलिमीटर, अर्थात १० मायक्रॉन वाचणारे साधन आहे. एवढ्यावरून कोणी आपल्या ५ मायक्रॉनच्या दाव्याविषयी शंका घेतली, तर आमचा ऑपरेटर हातानेच ओळखतो, असे निर्धाराने सांगावे.

क्षमतेविषयी विचारणा झाल्यास 'आपल्या मागणीनुसार' हे उत्तर द्यावे. गणित करणारे लोक मागे पडतात. गणित केलेच तर ते असे होते: याच हाउसिंगला एका व्हीएमसीवर १२ मिनिटे लागतात, म्हणजे तासाला ५ नग. चहा, जेवण व टूल बदलणे वजा जाता शिफ्टमागे ७ तास हाती येतात, असे धरले, तर दोन शिफ्टमध्ये ७० नग, महिन्याच्या २५ दिवसांत १,७५० नग, आणि दोन यंत्रांवर ३,५००. पण आपली यंत्रे जुन्या ग्राहकांच्या कामाने ६० टक्के आधीच भरलेली आहेत, तेव्हा नव्या कंपनीसाठी खरोखर उरतात ते १,४०० नग. 'महिना १,४०० नगांची मोकळी क्षमता' असे एक वाक्य प्रोफाइलमध्ये लिहिले, तर कंपनी कदाचित तेवढेच काम देईल आणि ते आपल्याला वेळेवर करूनही द्यावे लागेल. त्यापेक्षा ३,००० नगांची ऑर्डर घेऊन दुसऱ्याच महिन्यापासून रोज फोन चुकवणे अधिक प्रतिष्ठेचे.

आता प्रमाणपत्रांकडे वळू, कारण अर्जाची खरी शोभा तीच आहे. आयएसओ ९००१ चे प्रमाणपत्र घेण्याचे दोन मार्ग असतात. एका मार्गात अधिस्वीकृती असलेली प्रमाणन संस्था आपल्या गाळ्यात येऊन दोन टप्प्यांत ऑडिट करते, त्रुटी काढते, त्या दूर झाल्यावर तीन वर्षांचे प्रमाणपत्र देते आणि दरवर्षी पाहणीला पुन्हा येते. दुसऱ्या मार्गात मोबाइलवर संदेश येतो, आपण पैसे व लेटरहेड पाठवता, आणि दोन दिवसांत सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र पीडीएफ होऊन येते. आपण अर्थातच दुसरा मार्ग निवडावा. त्यावर एनएबीसीबी किंवा तत्सम अधिस्वीकृती मंडळाचे चिन्ह नसेल, परंतु आयएसओचा गोलक मोठा असेल. वस्तुतः आयएसओ ही संस्था मानके लिहिते, कोणालाही प्रमाणपत्र देत नाही आणि आपले बोधचिन्ह असे वापरू देत नाही. हे कंपनीच्या गुणवत्ता विभागाला ठाऊक असते, हाच काय तो अडथळा.

प्रमाणपत्र जोडताना त्यावरील 'स्कोप'ची ओळ वाचू नये. तेथे 'इंजिनिअरिंग वस्तूंचा व्यापार व पुरवठा' असे लिहिलेले असते आणि आपण अर्ज करतो आहोत मशिनिंगच्या कामासाठी. त्याचप्रमाणे पत्ता जुन्या गाळ्याचा असू द्यावा, प्रमाणपत्रावर 'इंजिनिअरिंग वर्क्स', जीएसटीवर 'इंजिनिअर्स' आणि रद्द केलेल्या धनादेशावर प्रोप्रायटरचे नुसतेच नाव असू द्यावे. एकाच उद्योगाची तीन नावे पाहून कंपनीला आपल्या विस्ताराची कल्पना येते. आयएसओ ९००१:२००८ ची जुनी प्रतही टाकावयास हरकत नाही. त्या आवृत्तीची प्रमाणपत्रे सप्टेंबर २०१८ मध्येच निरर्थक झाली. पण यादीत एक ओळ वाढते, आणि यादी लांब दिसणे महत्त्वाचे. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या मानकाच्या पुढे 'प्रक्रियेत' असे लिहावे. ही प्रक्रिया पिढ्यान्‌पिढ्या चालू शकते.

उद्यम प्रमाणपत्र मात्र चुकूनही जोडू नये. सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत चुकते करावे असे २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो, आणि मुदत उलटली तर ती रक्कम प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच खर्च म्हणून दाखवता येते, अशी तरतूद आता आयकरातही आहे. म्हणूनच कंपनीचा लेखा विभाग हा कागद स्वतःहून मागतो. आपण तो विसरलात, की १२० दिवसांची उधारी कशी असते याचा अनुभव निर्वेध घेता येतो.

एवढे सारे असूनही कधी कधी कंपनीचा गुणवत्ता अभियंता पाहणीस येतोच. तो बहुधा सभागृहातील सादरीकरण अर्ध्यावर सोडतो, थेट यंत्रापाशी जातो, ऑपरेटरच्या हातातले मायक्रोमीटर मागतो आणि त्यावरची कॅलिब्रेशनची चिकटपट्टी वाचतो. मग चालू नगाचे ड्रॉइंग कोणत्या रिव्हिजनचे आहे, असे विचारतो आणि शेवटी इन-हाउस सीएमएम पाहू द्या, म्हणतो. अशा वेळी त्याला शेजारच्या गाळ्यात न्यावे. शेजारी त्याच कंपनीचा नोंदणीकृत वेंडर असल्याचे तेथे गेल्यावर कळते, आणि चहा त्याच्याकडेच होतो.