एसटीपीतला तपकिरी गाळ आणि एक चुकीचा सल्ला

"एसटीपीच्या टाकीत साचलेला तपकिरी गाळ ही घाणच असते, म्हणून वर्षातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून धुवा. नंतर दर महिन्याला एक किलो जिवाणू पावडर टाका, पाणी स्वच्छ होईल. रात्री मैलापाणी येत नाही, तेव्हा टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवून वीज वाचवा."

इमारतीचे मैलापाणी शुद्ध करणाऱ्या एसटीपीबद्दल मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांच्या गटांवर फिरणारा हा सल्ला काही कमिट्या मनापासून पाळतात. त्यातली गाळाची गोष्ट सर्वांत घातक आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

मैलापाण्यात हवा सोडली जाते त्या एरेशन टँकमधले लिटरभर पाणी काचेच्या उभ्या मापनळीत घेऊन अर्धा तास हलवू नका. आधी सगळे पाणी सारखेच तपकिरी दिसते. काही मिनिटांत त्यात बारीक कापसासारखे पुंजके दिसू लागतात, ते एकमेकांना धरून खाली बसतात आणि वर नितळ पाणी उरते. हे पुंजके म्हणजे निरनिराळ्या जातींच्या जिवाणूंनी स्वतःच्या चिकट स्रावात बांधलेली वसाहत असते. मैल्यातले बारीक कण आधी या चिकट पृष्ठभागाला बिलगतात, मग जिवाणू विकरे सोडून त्यांचे विघटन करतात आणि प्राणवायूच्या मदतीने त्यांवर जगतात. एकटा सुटा जिवाणू इतका हलका असतो की तो बसत नाही, पाण्याबरोबर वाहून जातो. पुंजका मात्र बसतो, आणि म्हणूनच पाणी वेगळे काढता येते. सूक्ष्मदर्शकाखाली पुंजक्याला देठाने चिकटलेले, घंटेच्या आकाराचे व्हॉर्टिसेला दिसतात. ते सुटे जिवाणू खाऊन पाण्याचा उरलेला गढूळपणा कमी करतात. त्यांना पाहिले की मला गाळाची तब्येत ठीक असल्याचा भरवसा वाटतो.

या पद्धतीचा शोधच मुळी गाळ राखून ठेवण्यातून लागला. मँचेस्टरला १९१४ साली आर्डर्न आणि लॉकेट यांनी बाटलीतल्या मैलापाण्यात हवा सोडली, तेव्हा ते पूर्ण शुद्ध व्हायला काही आठवडे लागले. त्यांनी वरचे पाणी ओतून दिले, पण तळाचा गाळ तसाच ठेवून नवे मैलापाणी घातले. असे पुन्हा पुन्हा केल्यावर तेच काम एका दिवसाच्या आत होऊ लागले. टाकी धुणारी संस्था स्वतःला त्या पहिल्या बाटलीपाशी नेऊन ठेवते; पुढचे काही आठवडे पांढरा फेस आणि गढूळ पाणी तिच्या वाट्याला येते.

गाळ अजिबात काढू नये, असे मात्र मी म्हणत नाही. जिवाणू वाढतच असतात, त्यामुळे जास्तीचा गाळ रोज थोडा काढावाच लागतो. समजा, टाकी १०० घनमीटरची आहे आणि लिटरमागे ३,५०० मिलिग्रॅम गाळ आहे. म्हणजे टाकीत कोरडा धरून ३५० किलो गाळ झाला. त्याचे वय, म्हणजे टाकीतला सरासरी मुक्काम, २० दिवस ठेवायचे तर रोज १७.५ किलो काढायचा. पुंजके खाली बसून पाणी वेगळे होते त्या सेटलिंग टँकच्या तळाशी घनमीटरमागे ८ किलो गाळ असेल, तर हे रोजचे साधारण २.२ घनमीटर होते. बाकीचा गाळ पंपाने एरेशन टँकमध्ये परत गेलाच पाहिजे.

पावडरीचा हिशेबही याच आकड्यांवरून होतो. किलोभर पावडर सगळीच्या सगळी जिवंत जिवाणूंची आहे असे धरले, तरी ३५० किलोंपुढे ती ०.३ टक्क्यांहून कमी भरते. शिवाय मैलापाणी स्वतःच रोज नवे जिवाणू घेऊन येते, आणि टिकतात ते तिथल्या अन्नाशी आणि हवेशी जुळणारेच. नवी टाकी लवकर सुरू करायची असेल, तर नीट चालणाऱ्या जवळच्या एसटीपीतला ताजा गाळ टँकरने आणून विरजणासारखा घालावा.

रात्रीच्या ब्लोअरबद्दल बोलायचे, तर रात्री मैलापाण्याची आवक कमी होते हे खरे, पण पुंजक्यांचा श्वास चालूच असतो. लिटरभर पाण्यातले जिवाणू तासाला ३० मिलिग्रॅम प्राणवायू वापरत असतील, तर विरघळलेला २ मिलिग्रॅम प्राणवायू चार मिनिटांत संपतो. भार कमी असताना हा वेग घटतो, तरी साठा काही मिनिटांचाच असतो. हवा बंद झाल्यावर गाळ तळाशी बसतो, आणि सात-आठ तासांत तो सडून काळा पडतो. सकाळी ब्लोअर सुरू होताच सडक्या अंड्यांचा वास येतो, पुंजके फुटलेले असतात आणि बाहेर पडणारे पाणी गढूळ असते. रोज असेच चालले, तर कमी प्राणवायूत फोफावणारे तंतुमय जिवाणू वाढतात. मग मापनळीत अर्ध्या तासाने ३५० मिलिलिटरवर बसणारा गाळ ८०० वर अडकून राहतो आणि सेटलिंग टँकमधून पाण्याबरोबर वाहू लागतो.

वीज वाचवायचीच असेल, तर प्राणवायू मीटर बसवून विरघळलेला प्राणवायू लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आसपास राखावा. ज्या प्लांटची रचनाच तशी आहे, तिथे थोड्या वेळाच्या ठरावीक विश्रांतीही देता येतात, आणि त्यात नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. अशी विश्रांती सुरू केल्यावर मापनळीची चाचणी रोज घ्यावी आणि आकडा वहीत लिहावा. तो सलग काही दिवस चढत गेला, तर विश्रांती लगेच कमी करावी.