स्पर्शबिंदू आलेख सोडून बाहेर गेला तर?

ग्राहकाचा समतोल आकृतीतून शोधण्यावरच्या माझ्या लेखावर आलेली प्रतिक्रिया: "सर, आधी आकृती काढा हा तुमचा आग्रह वेळखाऊ आहे. दोन उतार समान मांडले की उत्तर येतंच. तुमच्याच उदाहरणात माझं उत्तर x = २२, y = −१ आलं, तुम्ही २० आणि ० लिहिलंय. ऋण संख्या नको म्हणून शून्य केलंत का? तुमच्या बिंदूपाशी उतारही समान नाहीत, मग तो समतोल कसा?"

तुमचं गणित बरोबर आहे, आणि २०, ० हे उत्तर कुठून आलं ते मी लेखात सांगितलं नव्हतं, ही माझी चूक. म्हणून आता सविस्तर लिहितो.

उदाहरण असं होतं: x आणि y या दोन वस्तूंपासून ग्राहकाला मिळणारं समाधान, म्हणजे उपयोगिता, U = x(y + १२), उत्पन्न १००, x ची किंमत ५, y ची १०. सीमांत पर्यायता दर, म्हणजे x च्या आणखी एका नगासाठी ग्राहक y चे किती नग सोडायला तयार आहे तो आकडा, (y + १२)/x येतो. तो किंमतींच्या गुणोत्तराशी, म्हणजे ०.५ शी, समान धरला की x = २y + २४. हे बजेटच्या समीकरणात घातलं की y = −१. इथपर्यंत आपलं दोघांचं एकमत आहे. पण उतार समान मांडताना तुम्ही न सांगता एक गोष्ट गृहीत धरलीत, की ग्राहक दोन्ही वस्तू थोड्या थोड्या घेणारच. ते खरं आहे की नाही, हे समीकरण तपासत नाही. आकृतीत ते लगेच दिसतं.

कागदावर करून बघा. सगळं उत्पन्न x वर खर्च केलं तर २० नग, सगळं y वर केलं तर १०. हे दोन बिंदू अक्षांवर मांडून जोडले की बजेट रेषा तयार. तिचा उतार म्हणजे किंमतींचं गुणोत्तर. आता समवृत्ती वक्र, म्हणजे सारखीच उपयोगिता देणाऱ्या बिंदूंचा वक्र; त्याचा उतार म्हणजे पर्यायता दर. तो अंदाजाने वाकवू नका; आधी उपयोगितेची एक पातळी ठरवा, मग बिंदू काढा. २४० ची पातळी घेतली तर y = २४०/x − १२. x १० असताना y १२ येतो, १२ असताना ८, १५ असताना ४, १६ असताना ३ आणि २० असताना ०. याच x ना बजेट रेषेवर y अनुक्रमे ५, ४, २.५, २ आणि ० आहे. म्हणजे वक्र सगळीकडे रेषेच्या वर राहतो, जवळ येत जातो आणि थेट x अक्षावर, (२०, ०) पाशी, तिला भेटतो. २०० ची पातळी काढलीत तर तो वक्र रेषेला मधेच छेदून खाली जाईल, म्हणजे त्याहून वरचा वक्र परवडतो. २४० च्या वरचा एकही वक्र रेषेपर्यंत पोचत नाही.

समवृत्ती वक्र अक्षाला कधीच टेकत नाही, असं आपण पाठ केलेलं असतं, त्यामुळे ही आकृती अनेकांना चुकीची वाटते. U = xy असेल तर ते खरंच आहे. इथे मात्र y शून्य असला तरी उपयोगिता शून्य होत नाही, म्हणून वक्र अक्षाला मिळतो.

आता तुमचा खरा प्रश्न, उतार समान नसताना समतोल कसा. (२०, ०) पाशी पर्यायता दर १२/२० म्हणजे ०.६ आहे. x च्या आणखी एका नगासाठी ग्राहक ०.६ नग y सोडायला तयार आहे, बाजारात मात्र त्याला ०.५ च सोडावे लागतात. सौदा फायद्याचा आहे, पण सोडायला y उरलेलाच नाही. उलट दिशेला गेलं तर तोटा होतो. म्हणून तो तिथेच थांबतो. अक्षावरच्या समतोलात y शून्य असेल तर पर्यायता दर किंमत गुणोत्तराइतका किंवा त्याहून जास्त असावा लागतो; समानतेची अट फक्त आतल्या बिंदूंसाठी आहे.

तुमच्या (२२, −१) या बिंदूची उपयोगिता २४२ येते, २४० पेक्षा जास्त. म्हणूनच तो खरा वाटतो. पण x चे २२ नग घ्यायला ११० लागतात, आणि वरचे १० हे y चा एक नग "विकून" आणल्यासारखे आहेत. ग्राहकाजवळ तो नग कधी नव्हताच. एक चूक मी उत्तरपत्रिकांत वारंवार बघतो: y ऋण आला म्हणून तो शून्य करतात, पण x २२ च ठेवतात. खर्च मोजून बघितला की ती लगेच सापडते. y शून्य केला की x पुन्हा बजेटमधूनच काढायचा.

किंमती त्याच ठेवून उत्पन्न १२० करा. स्पर्शबिंदू बरोबर अक्षावर, (२४, ०) ला येईल. १६० केलंत तर x २८ आणि y २, आणि तिथे तुमची पद्धत जशीच्या तशी चालते.